घाटात ड्रम ब्रेक का दमतो आणि डिस्क कुठे दगा देते: गगनबावड्याच्या उतारावरून

दिवाळी संपल्यावर माझा मावसभाऊ वहिनीला घेऊन स्कूटरवरून कुणकेश्वरला निघाला होता. कोल्हापूरहून गगनबावडा, तिथून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि पुढे देवगडकडे. दुपारी त्याचा फोन आला. "दादा, ब्रेक गेलाय. लिव्हर मुठीला टेकाय लागलाय. मी नट आवळला, मग जरा बरा लागला. आता खाली आलोय तर गाडीच ओढंना झालीय, चाक जाम आहे."

शिवाजी उद्यमनगरात माझं दुचाकीचं गॅरेज आहे आणि घाटातून असे फोन दरवर्षी येतात. "ब्रेक गेला" आणि "चाक जाम झालं" या दोन तक्रारी तासाभरात एकाच गाडीच्या आल्या, की काय झालं असणार ते कळतं. त्याला म्हटलं, "गाडी सावलीत लाव, अर्धा तास हात लावू नकोस. मग नट जेवढा आवळलास तेवढाच सोड. आणि परत येताना सावकाश ये." गाडी आल्यावर उघडली. त्यात जे दिसलं त्यावरूनच ड्रम आणि डिस्क यांतला फरक सांगतो, कारण सपाट रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. तो कळतो उतारावर.

उष्णता किती, ते आधी बघू

ब्रेकचं काम एकच. गाडीची गती घर्षणाने उष्णतेत बदलायची आणि ती उष्णता हवेत सोडायची. पहिलं काम दोन्ही ब्रेक चांगलं करतात. फरक दुसऱ्या कामात पडतो.

भावाच्या गाडीचा हिशोब करू. स्कूटर, दोन माणसं आणि बॅग मिळून 250 किलो धरा. घाटाचा एकूण उतार 500 मीटर आणि रस्ता 10 किलोमीटर धरा. एवढं वजन एवढं खाली आलं, की साधारण 12 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. तीस-पस्तीसच्या वेगाने उतरलं तर ढोबळमानाने निम्मी ऊर्जा वाऱ्याचा विरोध आणि टायर खातात. उरलेल्या 6 लाखांत इंजिनने मदत केली तर ठीक, नाही तर ती सगळी ब्रेकमध्ये जाते. तेवढ्या उष्णतेत घरातलं दोन लिटर गार पाणी उकळीला येईल. दुसऱ्या बाजूने बघा. हीच गाडी 60 च्या वेगावरून एकदा थांबवली तर साधारण 35 हजार ज्यूल लागतात. म्हणजे एक घाट उतरणं म्हणजे 60 वरून सोळा-सतरा वेळा गाडी थांबवणं, आणि तेही मध्ये उसंत न घेता.

ही सगळी उष्णता दोन किलो लोखंडात साठून राहिली आणि हवेत काहीच गेली नाही, तर ते लोखंड 600 अंशांनी तापेल. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण लोखंड तापता तापता थंडही होत असतं. किती लवकर थंड होतं, यावरच घाटात ब्रेक टिकतो की दमतो ते ठरतं.

ड्रमच्या आत आणि डिस्कच्या बाहेर

ड्रममध्ये शू, म्हणजे घासणारं लायनिंग लावलेले दोन अर्धगोल तुकडे, आतल्या बाजूने ड्रमला घासतात. उष्णता तयार होते आत, बंद डब्यात. बाहेर पडायला तिला लोखंडाची रिंग ओलांडायची, मग ॲल्युमिनियमच्या हबमधून पृष्ठभागावर यायचं आणि तिथे वारा लागेल तेवढीच निघून जायचं. आतली हवा तिथेच फिरत राहते, शूही तापत राहतात. स्कूटरला तर मागचं चाक इंजिन आणि सायलेन्सरच्या शेजारीच असतं, तिथे थंड वारा आणखी कमी पोचतो.

डिस्क उघडी असते. पॅड तिच्या छोट्याशा भागाला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि बाकी सगळी डिस्क त्या क्षणी वाऱ्यात फिरत असते. एक गोष्ट मात्र लोकांना पटत नाही: डिस्क हलकी असल्यामुळे एकाच जोरदार ब्रेकिंगमध्ये ती ड्रमपेक्षा जास्त तापू शकते. पण तापते तशी झटकन निवतेही. ड्रम सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. म्हणून गावात, गंगावेशीपासून बिंदू चौकापर्यंतच्या गर्दीत, ड्रमची काहीच तक्रार येत नाही. दोन ब्रेकच्या मध्ये त्याला वेळ मिळतो. घाटात तो वेळ मिळत नाही.

दमणं तीन तऱ्हेचं असतं

गरम झाल्यावर ब्रेक कमी लागणं, याला गॅरेजमध्ये आम्ही ब्रेक दमला म्हणतो. पण हे दमणं एकाच कारणाने होत नाही. लिव्हर हाताला कसा लागतो त्यावरून कारण ओळखता येतं, आणि ते ओळखता आलं तरच पुढे काय करायचं ते कळतं.

पहिल्या तऱ्हेत लिव्हर नेहमीच्याच जागी असतो, हाताला कडकही लागतो, पण गाडी थांबत नाही. इथे शूचं किंवा पॅडचं घर्षणच कमी झालेलं असतं. लायनिंगमधले कण एकत्र धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य जास्त तापलं की त्यातून वायू निघतो, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पकड सुटते. हे ड्रम आणि डिस्क दोन्हींत होतं, पण ड्रमला जास्त महागात पडतं. कारण ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जातो आणि दाराखाली सरकवलेल्या पाचरीसारखा घट्ट बसतो. म्हणून तर कमी जोरात ड्रम छान लागतो. पण घर्षण कमी झालं की ही फुकटची मदतही कमी होते. घर्षण 30 टक्के घटलं तर डिस्कची ताकद 30 टक्केच घटते, ड्रमची मात्र त्याहून जास्त घटते. हातातला जोर तोच असतो आणि ब्रेक अचानक विरघळल्यासारखा वाटतो तो याचमुळे.

दुसरी तऱ्हा फक्त ड्रमची, आणि भावाच्या गाडीत घडली ती हीच. लोखंड तापलं की पसरतं. 130 मिलिमीटर व्यासाचा ड्रम 200 अंशांनी तापला तर त्याचा व्यास साधारण 0.3 मिलिमीटरने वाढतो. ऐकायला काहीच नाही, पण शू आणि ड्रममधली फट मुळातच इतकी बारीक असते, की एवढ्याने ती चांगलीच वाढते. शूला जास्त अंतर जावं लागतं, आणि शू बाहेर ढकलणाऱ्या कॅमचा हात नि केबल यांतून ते अंतर लिव्हरपर्यंत कितीतरी पटीने मोठं होऊन पोचतं. म्हणून लिव्हर मुठीकडे जातो. डिस्कमध्ये असं होत नाही. डिस्क तापली की जाडीला थोडी वाढते, म्हणजे पॅडच्या जवळच येते.

तिसरी तऱ्हा डिस्कची, म्हणजे ब्रेक ऑइल असलेल्या ब्रेकची. लिव्हर स्पंजसारखा मऊ लागतो आणि पुन्हा पुन्हा दाबला तर थोडा वर येतो. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधलं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. ऑइल दाबलं तर दबत नाही, वाफ दबते. त्यामुळे तुम्ही लिव्हर दाबता आणि पॅडपर्यंत काहीच पोचत नाही. केबलच्या ड्रमला ही भीती नाही, कारण तिथे ऑइलच नसतं.

घाटात नट का आवळायचा नाही

भावाने काय केलं ते आता नीट बघा. ड्रम तापून पसरला, लिव्हर मुठीला टेकला. त्याने गाडी कडेला घेतली आणि मागच्या ब्रेकचा नट तीन फेरे आवळला. पसरलेल्या ड्रमच्या मापाला शू जुळले, ब्रेक पुन्हा वर आला, त्याला हायसं वाटलं. खाली सपाटीला आल्यावर ड्रम निवू लागला आणि मूळ मापाला आला. शू मात्र त्या मोठ्या मापालाच लावलेले होते. आता ते कायम ड्रमला चिकटून राहिले. गाडी ओढेना, आणि घासत राहिल्यामुळे ड्रम पुन्हा तापू लागला. आणखी थोडं तसंच गेला असता तर लायनिंग जळून सुटलं असतं किंवा चाक भर रस्त्यात अडकलं असतं.

म्हणून गरम ड्रमची ॲडजस्टमेंट कधीच करायची नाही. घाटात लिव्हर मुठीला टेकू लागला तर थांबा आणि अर्धा तास वाट बघा. लिव्हर आपोआप वर आला, तर ड्रम पसरल्यामुळेच ते झालं होतं हे नक्की. निवल्यावरही लिव्हर खालीच राहिला, तर शू झिजलेत किंवा केबल ताणली आहे, आणि तेव्हाच नटाला हात लावायचा. थांबलेल्या वेळात ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका. तापलेलं लोखंड एका बाजूने एकदम थंड झालं की वाकतं, ड्रमला तर तडाही जाऊ शकतो.

डिस्कवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. घाट उतरून लगेच थांबलात की वारा बंद होतो आणि डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये शिरते. काही वेळा ऑइल उकळतं ते उतरताना नव्हे, तर थांबल्यावर चहा पिताना. म्हणून घाट संपल्यावर एक-दोन किलोमीटर ब्रेक न लावता हळू चालवा आणि मग थांबा. पुन्हा निघताना गाडी हलवायच्या आधी लिव्हर दोनदा दाबून बघा.

उतरताना काय करायचं

गिअरची गाडी असेल तर घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये तुम्ही हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून घाट उतरणारी माणसं आजही आहेत. इंजिनने धरली असती ती सगळी ऊर्जा ही माणसं ब्रेकमध्ये ओततात.

गिअर नसलेल्या स्कूटरचं थोडं वेगळं आहे. तिचा क्लच ठरावीक वेगाखाली आपोआप सुटतो. एकदा सुटला की रेस बंद असतानाही गाडी मोकळी धावते, इंजिन तिला अजिबात धरत नाही. अशा वेळी रेस हलकीच द्या, क्लच पकडल्याचं जाणवलं की सोडून द्या. इंजिन पुन्हा थोडं धरू लागतं. हे धरणं बाइकएवढं जोरदार नसतं, पण वीस मिनिटांच्या उतारात त्याने ब्रेकला बराच आराम मिळतो. भावाला हे माहीत नव्हतं. तो पंधरा-वीसच्या वेगाने, क्लच सुटलेल्या अवस्थेत, मागचा ब्रेक सतत अर्धा दाबून उतरत होता. आपण फार सांभाळून चाललोय असंच त्याला वाटत होतं.

ब्रेक सतत अर्धा दाबून ठेवू नका. वेग वाढू लागला की दोन्ही ब्रेक नीट दाबा, वेग हवा तेवढा खाली आणा आणि पूर्ण सोडा. याने एकूण उष्णता फारशी कमी होत नाही, हे खरं आहे. पण दर वेळी लिव्हर किती खाली जातोय ते हाताला कळतं, आणि दमण्याची पहिली खूण वेळेत सापडते. सतत दाबून ठेवलेल्या हाताला बदल कळत नाही. दोन्ही ब्रेक वापरले की उष्णता दोन ठिकाणी वाटली जाते, हाही फायदा आहे. वळणांच्या मधल्या पट्ट्यात रेस देऊन वेग वाढवू नका, कारण तो वाढवलेला वेग पुढच्या वळणावर ब्रेकलाच पचवावा लागतो. वेग दुप्पट असेल तर थांबवायचं काम चौपट होतं.

निघण्याआधी ड्रम कसा तपासायचा

हे काम गाडी पूर्ण थंड असताना करा. डबल स्टँडवर लावा, चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. हलकी एकसारखी सर्र चालते, पण अडखळणं नको. मग लिव्हर दाबा. ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत लिव्हरचं टोक मोकळं किती हलतं ते बघा. बहुतेक स्कूटरना 10 ते 20 मिलिमीटर असतं, तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा दिलेला असतो. जास्त असेल तर नट अर्धा-अर्धा फेरा आवळा आणि दर वेळी चाक फिरवून बघा. नटाला एक खाच असते, ती पिनवर नीट बसली पाहिजे, नाही तर चालता चालता नट सरकतो.

आता ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि चाकाजवळच्या कॅमच्या हातावरचा बाण बघा. तो हबवरच्या खुणेला भिडला असेल तर शू संपलेत. नट आवळून लिव्हर वर आणता येतो, पण त्याने शू परत येत नाहीत. भावाच्या गाडीचा बाण खुणेपासून बराच लांब होता, म्हणजे शू झिजलेले नव्हते. चाक काढल्यावर खरी गोष्ट दिसली. शूचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, नखाने खरवडला तरी ओरखडा उठत नव्हता. ड्रमच्या आत निळसर पट्टा आला होता. तापलेल्या लोखंडाची खूण ती. काळी भुकटी खालच्या कडेला साचली होती आणि कॅम कोरडा पडून गंजला होता, त्यामुळे शू सोडल्यावर पूर्ण मागे येत नव्हते. गावात कधीच कळलं नसतं. घाटात मात्र ते थोडं घासणंही उष्णतेत भर घालत होतं.

ड्रम उघडल्यावर ती भुकटी फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा. शू जाड असतील तर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवा आणि पृष्ठभाग खरखरीत करा. 2 मिलिमीटरपेक्षा कमी लायनिंग राहिलं असेल तर बदला. दोन्ही शू एकदमच. ड्रमच्या आतला व्यास व्हर्नियरने मोजा, कमाल किती चालतो तो आकडा बहुतेक वेळा ड्रमवरच कोरलेला असतो. कॅमला ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, कारण जास्त लावलं तर तापल्यावर ते वितळून शूवर येतं. नवे शू टाकल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर घाट नको. तोवर ते ड्रमच्या गोलाईला पूर्ण बसलेले नसतात आणि एका पट्ट्यावरच घासतात.

आपल्याकडे पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी असेल तर हे सगळं न चुकता करा. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांत ड्रममध्ये गाळ होता आणि एक-दोन गाड्यांचं लायनिंग शूवरून सुटलं होतं. डिस्क पाण्यातून बाहेर आली की दोन-चार ब्रेकमध्ये कोरडी होते. ड्रममध्ये शिरलेलं पाणी आणि गाळ तिथेच राहतो.

डिस्कची देखभाल: ऑइल विसरू नका

डिस्कचे पॅड बघायला चाक काढावं लागत नाही, टॉर्च मारली की जाडी दिसते. पॅडवरची खाच संपली की बदला. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती मोजा. एवढं लोक करतात. राहून जातं ते ऑइल.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 ऑइल नवं असताना 230 अंशांच्या वर उकळतं. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मानकाची मर्यादा 155 अंशांची आहे. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140. म्हणजे पाच-सहा वर्षं ऑइल न बदललेली डिस्क गावात कडक लागते आणि घाटात मऊ पडते. दर दोन वर्षांनी बदला, पावसाळ्यानंतर बदललेलं उत्तम. ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेला ग्रेडच टाका आणि बाटली नुकतीच फोडलेली असू दे. बदलताना कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावा, लिव्हर दाबून धरा, निपल सैल करा, घट्ट करा आणि मगच लिव्हर सोडा. नळीत स्वच्छ ऑइल येऊन बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा, आणि वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उठतो.

दुसरी गोष्ट कॅलिपरच्या पिना. उसाच्या हंगामात शिवारातल्या रस्त्यांवरचा चिखल त्यांत बसतो, पिना जाम होतात आणि एकच पॅड घासत राहतो. एक पॅड पातळ आणि दुसरा जाड दिसला तर हेच कारण. पिना काढून पुसायच्या आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं.

मग कुठला घ्यायचा?

ब्रेक लावताना वजन पुढे झुकतं, उतारावर तर आणखीच. म्हणून जास्त काम पुढचा ब्रेक करतो आणि डिस्क तिथेच हवी. मागे ड्रम असला तरी माझी तक्रार नाही. तो स्वस्त आहे, धूळ-चिखलात टिकतो, त्याला ऑइल लागत नाही. बऱ्याच मोटारींतही पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो, तो याच हिशोबाने. महिन्यातून एकदा जरी कोकणात उतरत असाल, तर नवी स्कूटर घेताना पुढे डिस्क असलेलीच घ्या. जुन्या ड्रमच्या स्कूटरला बाहेरून डिस्क बसवून द्या म्हणणारे बरेच येतात. मी करत नाही. त्याला फोर्कचा पाय, हब आणि मास्टर सिलिंडर सगळंच त्या मापाचं लागतं. जोडकाम केलेल्या कॅलिपरचा ब्रॅकेट सुटला तर पुढचं चाक जागेवर थांबू शकतं.

भावाच्या गाडीचे शू घासून, कॅमला ग्रीस करून, नट थंड ड्रमवर लावून दिला. नटावर आणि रॉडवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे नट कुणी फिरवला किंवा आपोआप सरकला तर लगेच दिसावं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा वहिनीला घेऊन तोच घाट उतरला. अर्ध्यावर लिव्हर थोडा खाली गेला तेव्हा दोघं कठड्यापाशी पंचवीस मिनिटं बसले. वैभववाडीत पोचल्यावर त्याने फोटो पाठवला. दोन्ही रेघा एका ओळीत होत्या.